पुरावा नसलेली अकरा वर्षं

जाहिरात पेपरात आली ती सोमवारी. इतिहास, एक पद, पूर्णवेळ, अनुदानित. आमच्याच कॉलेजची. मी अकरा वर्षं ज्या पदाचे तास घेत होतो तेच पद. बायकोनं कात्रीनं जाहिरात कापली, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकवली आणि म्हणाली, "आता बायोडाटा करा. नीट करा. तुमचा तो गचाळ नको."

माझा बायोडाटा गचाळ नव्हता. दीड पानाचा होता, एवढंच. तासिका तत्त्वावरच्या माणसाला लांब बायोडाटा लागतच नाही. दरवर्षी जुलैच्या आसपास कॉलेज जाहिरात देतं, आपण अर्ज टाकतो, पाच मिनिटांची मुलाखत होते, आठवड्याला नऊ तास मिळतात, आणि परीक्षा संपल्या की आपण घरी. पुढच्या वर्षी पुन्हा नव्यानं मुलाखत. अकरा वर्षांत अकरा मुलाखती दिल्या मी, त्याच खोलीत, त्याच माणसांना. एकदा तर प्राचार्यांनी विचारलं होतं, "आपण पूर्वी कुठे काम केलंय?" अहो, सकाळी तुमच्याच स्टाफरूममध्ये चहा पिलो होतो ना आपण!

पण ह्या वेळची गोष्ट वेगळी होती आणि ती सरळ सांगून टाकतो. पद रिकामं होतं म्हणून माझे नऊ तास होते. पद भरलं की ते तास त्या नव्या माणसाचे. म्हणजे पद मला मिळालं तर मी कायम, आणि दुसऱ्याला मिळालं तर माझं होतं नव्हतं तेही गेलं. मधला रस्ताच नव्हता. वय त्रेचाळीस. सेट परीक्षा झालेली, पीएच.डी. झालेली, आणि सिरसाळ्यात दोन खोल्यांचं भाड्याचं घर.

बायोडाटाचा नमुना जाहिरातीसोबतच होता. पहिलं शिक्षण, मग अध्यापन, संशोधन, विद्यार्थी मार्गदर्शन, कार्यशाळा. प्रत्येक ओळीपुढे एक बारका चौकोन, त्यात जोडपत्राचा पान क्रमांक लिहायचा. म्हणजे तुम्ही काय केलं ते महत्त्वाचं नाही, ते कोणत्या पानावर आहे ते महत्त्वाचं. छाननीत गुण मिळतात ते कागदाला. त्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण असल्या फाइली मीच तर करायचो, दुसऱ्यांच्या.

शिक्षणाचा भाग दहा मिनिटांत झाला. अध्यापनाशी आलो आणि पेन थांबलं.

आमच्या विभागात दोन पदं. एका पदावर विभागप्रमुख. त्यांना मी सर म्हणतो, सगळं गाव सर म्हणतं. दुसरं पद रिकामं, त्याचे नऊ तास माझे आणि उरलेले दरवर्षी बदलणाऱ्या कुणातरी पोराचे. सर उपप्राचार्य झाले तेव्हापासून त्यांना वर्गावर जायला सवड नव्हती. मग म्हणाले, "तेवढं बघ रे बाबा." मी बघितलं. त्यांचे तासही मीच घेऊ लागलो. आठवड्याला अठरा तास घसा कोरडा करायचो. वेळापत्रकावर मात्र नऊ माझे आणि नऊ सरांचे. अध्यापक दैनंदिनी म्हणून एक वही असते. कोणत्या तासाला काय शिकवलं ते रोज लिहायचं असतं. मी दोन वह्या लिहायचो, एक माझ्या नावाची आणि एक सरांच्या. सरांची जास्त सुबक लिहायचो, कारण ती तपासणीला जायची.

अनुभव प्रमाणपत्रासाठी कॉलेजच्या कार्यालयात गेलतो. आस्थापनेचे बाबू माझे दोस्तच. त्यांनी अकरा वर्षांच्या नियुक्त्या काढल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यातल्या तीनच वर्षांना विद्यापीठाची मान्यता हाय."

"आणि बाकीची आठ?"

"प्रस्तावच गेले न्हाईत. उशीर झाला, राहून गेलं. तुमी पन कदी इचारलं न्हाई."

खरं होतं. मी कधी विचारलं नाही. विचारणारा तासिकावाला पुढच्या जुलैत दिसत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मान्यता नसलेलं वर्ष छाननीत धरत नाहीत, आणि धरलेलं वर्षही नऊ महिन्यांचंच. बाबूंनी प्रमाणपत्र टाइप करून दिलं: तीन वर्षं, आठवडी नऊ तास. वर आणि माझ्यासाठी म्हणून एक ओळ घातली, 'वर्तन समाधानकारक.' मी घरी येऊन ते टेबलावर ठेवलं. बायकोनं वाचलं.

"अकरा वर्षं रोज गाडीला किक मारून गेलात ते कुठं गेलतात मग?"

ती अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे सोळा रजिस्टरं असतात असं ती म्हणते, मी मोजली नाहीत. पण एक गोष्ट ती पक्की सांगते, की पोराचं वजन ज्यानं केलं त्याचीच सही. "आमच्यात सुपरवायझर आली तरी माझ्या वहीवर तिचं नाव चढत न्हाई. आन् तुमी एवढे डॉक्टर!"

मला राग आला. तिचा नाही. पण निघाला तिच्यावरच. "तुझा तो वजनकाटा, माझं हे उच्च शिक्षण आहे," असं काहीतरी मूर्खासारखं बोललो. ती हसली आणि भाकरी थापायला लागली. तिच्या हसण्याचा अजून जास्त राग आला.

संशोधनाकडे वळलो. तिथं तरी माझं स्वतःचं काही होतं. आमचं घर मेंढरांचं. युसूफ वडगावच्या शिवारात आबा, म्हणजे माझे वडील, अजून पंधरा-वीस शेरडं-मेंढरं राखतात. थोडी जमीन आहे, पण आबाचा जीव जनावरात. सहा वर्षांपूर्वी मी पीएच.डी. केली ती बालाघाटातल्या चराऊ रानांवर. निजामाच्या अंमलात गायरानं कशी होती, कुणाला चराईचा हक्क होता, कोणत्या वाटेनं कळप घाटाखाली उतरायचे, हा विषय. दप्तरं वाचली, मोडी शिकलो, सतरा म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या सगळ्यात लांब मुलाखती आबाच्या. वाटा त्याला तोंडपाठ. कोणत्या ओढ्यात मार्चपर्यंत पाणी, कोणत्या देवळापाशी मुक्काम, कोणता पाटील खतासाठी शेतात कळप बसवून घ्यायचा आणि कोणता कुत्री सोडायचा. प्रबंधाचं चौथं प्रकरण उभंच राहिलं ते आबाच्या बोलण्यावर. परीक्षकांनी त्याच प्रकरणाची वाहवा केली.

प्रबंधाच्या शेवटी निवेदकांची यादी असते, ज्यांनी माहिती सांगितली त्यांची. त्यात सोळा जणांची नावं, गावं आहेत. आबाच्या ठिकाणी मी लिहिलं होतं: 'निवेदक क्रमांक सात. मेंढपाळ, निरक्षर, वय अंदाजे सत्तर.' नाव लिहिलं तर आडनाव जुळलं असतं. मौखिक परीक्षेत कुणी म्हणालं असतं, घरी बसूनच संशोधन केलंत की! तसं कुणी सांगितलं नव्हतं मला. माझंच मला वाटलं. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. शास्त्राला धरून आहे असंच वाटलं. असो.

तर पीएच.डी.ची ओळ लिहिली, पान क्रमांक टाकला. शोधनिबंध दोन. पहिल्यावर सरांचं नाव आधी, माझं नंतर. दुसरा ज्या नियतकालिकात छापला ते मान्य यादीत नव्हतं, हे मला छापून आल्यावर कळलं. लिहिले दोन्ही, बसू द्या म्हटलं.

आता उरलं विद्यार्थी मार्गदर्शन आणि कार्यशाळा. इथं मात्र माझी छाती भरून यायला हवी होती. तिसऱ्या वर्षाची पोरं दरवर्षी प्रकल्प करतात. एक गाव, एक किल्ला, एक बारव, काहीही घ्यायचं आणि त्याचा इतिहास लिहायचा. ऊसतोडीला गेलेल्या घरातली पोरं, दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी. मी त्यांना फोनवर प्रकल्प सांगायचो. एक पोरगी कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून कागदावर लिहायची आणि फोटो काढून पाठवायची. तिचा प्रकल्प विद्यापीठात पहिला आला. पहिल्या पानावर 'मार्गदर्शक' म्हणून सरांची सही. कायम शिक्षकाचीच सही चालते, असा आमच्याकडे रिवाज. आणि मोडी लिपीची ती कार्यशाळा! तीन दिवसांची. वक्ते मी आणले, दप्तरांच्या झेरॉक्स मी काढल्या, खुर्च्या मंगल कार्यालयातून मी आणल्या, पोरांना पहिल्यांदा स्वतःच्या पणजोबाच्या जमिनीचा कागद वाचता आला तो माझ्यासमोर. प्रमाणपत्रावर 'निमंत्रक' सर. 'समन्वयक' भूगोलाचे एक कायम प्राध्यापक, ते कार्यशाळेला आलेच नव्हते. माझं नाव होतं अहवालात, शेवटून दुसऱ्या ओळीत, मंडपवाल्याच्या आधी, 'यांचेही सहकार्य लाभले' ह्यात.

आणि तो अहवाल कुणी लिहिला? मीच. तेव्हा सरांनी समजावलं होतं, "तासिकावाल्याचं नाव पुढं आलं की मूल्यांकन समिती इचारती, कायम मानसं कुठं हायत तुमची. कॉलेजचं नुकसान कावून करायचं?" मला पटलं. पटलं म्हणजे काय, जुलै जवळ होता.

पुढे तीन वर्षांपूर्वी सरांची पदोन्नतीची फाईल आली. सहयोगी प्राध्यापकाचे प्राध्यापक व्हायचे होते. ती फाईलही मीच केली. चारशे पानं. अठरा तासांतले सरांचे नऊ, प्रकल्पांचं मार्गदर्शन, मोडीची कार्यशाळा, सगळं क्रमवार लावलं, पान क्रमांक घातले, स्पायरल केली. इतकी देखणी फाईल विद्यापीठात कुणी पाहिली नव्हती म्हणे. सर प्राध्यापक झाले त्या दिवशी त्यांनी माझ्या पोरांसाठी पेढे दिले होते. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून काहीतरी पास झालं होतं.

म्हणजे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या बायोडाटात लिहायचं जे काही होतं ते मी स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या फायलीत लावून बसलो होतो.

तरी गेलो सरांकडे. घरीच गेलो. एक पत्र मागायचं होतं, एवढंच की ही कामं मी केली. सर अंगणात आरामखुर्चीत बसले होते. काकूंनी पाणी आणलं. सरांनी माझं ऐकून घेतलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, मला काय म्हाईत न्हाई का तू काय केलंस ते?" ते म्हणाले. "पन ते सगळं माज्या फायलीत लागलेलं हाय. तीच कार्यशाळा, तेच प्रकल्प, तेच तास. आता मीच लिहून दिलं की हे ह्यानं केलं, तर माजी फाईल खोटी. माजी फाईल खोटी तर तुजा बायोडाटा खरा ठरतो असं न्हाई. दोन्हीवर चौकशी लागंल. आन् अक्षर कुनाचंय फायलीत?"

"माझंच," मी म्हणालो.

"मग?"

"मग मी काय जोडू सर? अकरा वर्षं जोडू कुठं?"

माझा आवाज चढला होता. काकू दारात येऊन थांबल्या. मी बोलत सुटलो. म्हणालो, तुमची दैनंदिनी मी लिहिली, तुमचे पेपर मी तपासले, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी वाटल्या. पत्रिकांचं बोलायला नको होतं. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी मला त्या लग्नात स्वतःच्या हातानं फेटा बांधला होता.

मग सर म्हणाले, "मी निवड समितीत हाय. विभागप्रमुख म्हणून बसावंच लागतं. तू लिही बायोडाटात. मी काय आडवा येनार न्हाई."

मी त्या वाक्याला धरून घरी आलो. 'आडवा येनार न्हाई.' बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आडवा येनार न्हाई म्हंजे उभा ऱ्हानार असं न्हाई." मी म्हणालो, तुला कळत नाही. तिलाच कळत होतं.

मी लिहिलं. अध्यापन: अठरा तास. विद्यार्थी प्रकल्प मार्गदर्शन: अकरा वर्षं. मोडी लिपी कार्यशाळा: आयोजन. चौकोनात पान क्रमांक टाकले. पानावर काय लावलं? अहवालाची झेरॉक्स, त्यातली शेवटून दुसरी ओळ पिवळ्या शाईनं रंगवून. पोरांनी फोनवर पाठवलेल्या संदेशांचे फोटो. 'सर तुमच्यामुळे झालं' असले. झेरॉक्सवाला म्हणाला, "मास्तर, हे बी जोडायचं?" म्हटलं जोड बाबा, तुझं काय जातंय. बायोडाटा बावीस पानांचा झाला. हातात जड लागत होता. मला बरं वाटलं, काय सांगू, मला खरंच बरं वाटलं.

छाननीत सेट आणि पीएच.डी.च्या गुणांवर मुलाखतीला आलो. पिवळ्या पानांना शून्य. पण बोलावलं होतं. घरी गोडाचा शिरा झाला.

मुलाखत त्याच खोलीत. ह्या वेळी टेबलाला पांढरा कपडा होता आणि माणसं जास्त होती. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विद्यापीठानं पाठवलेले विषयतज्ज्ञ, आणि कोपऱ्याच्या खुर्चीत सर. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. विषयतज्ज्ञांनी चराऊ रानांवर विचारलं. मी बोललो. चांगला बोललो. एका तज्ज्ञांनी चौथ्या प्रकरणाचा उल्लेख केला, "त्या वाटांची माहिती फार दुर्मीळ आहे, कुठून मिळवलीत?" मी म्हणालो, "क्षेत्रभेटीतून." ते "वा" म्हणाले.

मग दुसऱ्या तज्ज्ञ बायोडाटा चाळायला लागल्या. बाई होत्या, शांत, कसल्याही कुचकटपणाशिवाय बोलत होत्या. "तुम्ही आयोजन केलेली कार्यशाळा असं लिहिलंय. प्रमाणपत्रावर निमंत्रक सर आहेत. प्रकल्पांवरही त्यांचीच सही आहे. आणि अठरा तास म्हणता, प्रमाणपत्र नऊ तासांचं आहे. हे नेमकं काय समजायचं आम्ही?"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. मी सरांकडे बघितलं. आख्ख्या आयुष्यात मी कुणाकडे तसं बघितलं नसेल. एक शब्द हवा होता. 'हो, केलंय त्यानं.' बास, एवढाच. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाणी पिलं नाही, ग्लास परत ठेवला. टेबलावरच्या कपड्याची सुरकुती बोटानं सारखी करत राहिले. मला त्यांचा राग येण्याआधी दया आली. मग माझी मला आली.

मी काय बोलायला पाहिजे होतं? हे बसलेत ते खोटे आहेत? ते खोटे तर त्यांचं खोटं लिहिणारा मी कोण? तोंडात आलं ते हे, की "मॅडम, कार्यशाळा सरांचीच. मी मदतीला होतो."

"आणि अठरा तास?"

"ते चुकून लिहिलं."

बाईंनी पेन्सिलनं काहीतरी खूण केली. सरांनी तेव्हा कुठं पाणी पिलं. अध्यक्ष म्हणाले, या तुम्ही. मी उठलो, खुर्ची नीट आत सरकवली. ती मंगल कार्यालयातल्या खुर्च्या सारख्या करायची सवय.

निवड झाली आष्टीकडच्या एका मुलीची. मुलगी म्हणतो मी, बत्तीस-तेहतीसची असेल. कुणी म्हणालं वशिला, कुणी आणखी काही. मी तिचा बायोडाटा पाहिला नाही, पण तिची नेट झालेली होती, शिष्यवृत्तीसह, आणि निबंध मान्य यादीतले. ती लायक होती. हे मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो. आमच्या स्टाफरूममधल्या बाकीच्या तासिकावाल्यांना ते आवडलं नाही. त्यांना शिव्या घालायला कुणीतरी हवं होतं. मलाही हवं होतं, पण ती मुलगी त्यात बसत नव्हती.

ती रुजू झाली त्या दिवशी बाबूंनी मला बोलावून सांगितलं की ह्या वर्षी इतिहासाला तासिकेची जाहिरात नाही. म्हणाले, "मास्तर, लई वाईट वाटतंय." मी म्हणालो, तुमचा काय दोष. विभागाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, ती द्यायला गेलो. सर सुट्टीवर होते. तिला कपाट उघडून दाखवलं. दैनंदिन्या, हजेरीपट, प्रकल्पांचे गठ्ठे, कार्यशाळेचे अहवाल, सरांच्या फायलीची प्रत. ती एकेक काढून बघत होती.

"सर," ती म्हणाली, "हे सगळं एकाच अक्षरात आहे. कुणाचं हो?"

"माझं."

"पण नाव तर..." ती थांबली. हुशार होती. गठ्ठा तिनं हळूच जागेवर ठेवला. मग विचारलं, "मला दैनंदिनी लिहायला शिकवाल?"

शिकवली. पाऊण तास बसून शिकवली. शेवटी म्हणालो, "बाई, दुसऱ्याची कधी लिहू नका." ती "हो सर" म्हणाली. मी कपाटाच्या मागचं जाळं काढायला लागलो.

तिथून घरी गेलो नाही. गाडी युसूफ वडगावकडे वळवली. आबा गावाच्या वरच्या अंगाला, बांधावरच्या बाभळीखाली बसला होता. शेरडं पाल्याला लागली होती. माझ्या डिकीत बावीस पानांचा बायोडाटा आणि त्याच्यासोबत मुलाखतीला नेलेला प्रबंध, दोन्ही पडून होते. काढायचं राहून गेलतं.

आबानं मला पाहिलं आणि त्याला कळलं. "न्हाई झालं?"

"न्हाई."

"कावून?"

काय सांगू त्याला? म्हणालो, "आबा, काम केलं पण कागदावर नाव न्हाई."

आबानं काठीनं मातीत रेघ ओढली. मग एकदम त्याचा चेहरा उजळला, म्हाताऱ्या माणसाला समजूत घालायला काहीतरी सापडलं म्हणजे उजळतो तसा. "असू दे. तुज्या त्या जाड बुकात तर माजं नाव हाय ना? मी समद्या गावाला सांगतो. पाटलाला बी सांगितलं. लेकानं बापाचं नाव बुकात घातलं. ते काय कुनी काढून घेत न्हाई आता."

मला ते माहीत नव्हतं. तो सहा वर्षं गावभर हे सांगत होता ते मला माहीत नव्हतं.

"आनलंय का ते बुक?" त्यानं विचारलं. "दाव की एकदा. कुठं हाय ते?"

मी गाडीपाशी गेलो. प्रबंध आणला. शेवटची पानं उलटली. सतरा ओळी, सोळा नावं. आबानं धोतराला हात पुसला आणि बोट पुढं केलं. मी त्याचं बोट धरलं. जाड, भेगाळलेलं, पाल्याचा वास येणारं. सातव्या ओळीवर ठेवलं. 'मेंढपाळ, निरक्षर, वय अंदाजे सत्तर.'

"इथं," मी म्हणालो.

"हेच का माजं नाव?"

"हेच, आबा."

त्यानं बोट त्या ओळीवरून सावकाश नेलं, शेवटपर्यंत. "लांबलचक लिवलंस की रं," तो म्हणाला, आणि बोट तिथंच ठेवून बसला.